कुऽक म्हणण्याआधी जरा थांबा

ताई, माझी मुलगी नुकतीच नऊ महिन्यांची झाली. घरातले सगळे तिच्याशी दिवसभर बुवाकुक खेळतात, ती खिदळतेही. पण तिच्याकडून काही येत नाही, नुसती बघत बसते. खुळखुळा वाजवला की आधी बघते, मग मान फिरवते. मी आणखी जोरात वाजवते, तरी बघत नाही. मधूनमधून 'बाबाबा' म्हणते, पण 'म्हण बाबा' म्हटलं की गप्प. हाक मारली तर बहुतेक वेळा वळून बघते. आमचे खेळ कमी पडतात की खेळायची पद्धत चुकते? बोलणं यायला मदत होईल असं नेमकं काय करू?
— एक आई

मान फिरवण्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. या वयाचं बाळ खेळता खेळता मान वळवतं तेव्हा बहुतेक वेळा ते 'जरा थांब' असं सांगत असतं. समोरचा आवाज, हलणारी वस्तू, मोठ्या माणसाचा चेहरा, हे सगळं एकदम पेलवेनासं झालं की त्याच्याकडे एकच उपाय असतो, नजर काढून घेणं. काही क्षण इकडेतिकडे बघून ते पुन्हा स्वतःहून तुमच्याकडे वळतं. त्या मधल्या वेळात खुळखुळा जोरात वाजू लागला, तर त्याला वळून यायला जागाच राहत नाही. म्हणून पुढच्या वेळी तिने मान फिरवली की खुळखुळा मांडीवर ठेवा, गप्प बसा, चेहरा हसरा ठेवा आणि वाट बघा. ती वळली की 'आलीस?' म्हणा आणि आधीपेक्षा हळू वाजवा.

तुमच्या घरात खेळ भरपूर आहेत. त्या खेळांत तिची पाळी मात्र येत नाही. बोलणं म्हणजे पाळीपाळीने देणंघेणं, आणि शब्द यायच्या कितीतरी आधी बाळ ते खेळातून शिकतं. तेव्हा नवीन खेळ शोधू नका. आहेत त्याच तीन खेळांत तिच्यासाठी जागा कुठे करायची ते सांगते.

आधी बुवाकुक. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात आई आणि बाळांचा हा खेळ बारकाईने पाहिला. त्याला त्यात ठरलेली चाल दिसली: आधी नजरानजर, मग चेहरा लपणं, मग चेहरा परत दिसणं, आणि मग पुन्हा भेट झाल्याचा आनंद. शब्द बदलतील, कापड बदलेल, ही चाल बदलत नाही. बाळाला ती पाठ होते आणि पाठ झाली की पुढे काय येणार याची ते वाट बघू लागतं. नऊ महिन्यांच्या आसपास बाळाला लपलेली वस्तू 'आहेच, फक्त दिसत नाही' हेही चांगलं उमगू लागलेलं असतं. म्हणून ते नुसतं दचकून हसत नाही. ते तुम्हाला शोधत असतं. त्या शोधण्याच्या क्षणात त्याच्याकडून काहीतरी येऊ शकतं, आणि नेमका तोच क्षण आपण घाईने 'कुऽक!' करून संपवतो.

तो कसा वाढवायचा ते आता सविस्तर सांगते. तिला पोटभर झालेलं असावं, झोप झालेली असावी. तिला समोर बसवा, तुमचे चेहरे एका पातळीवर येतील असे. तिने तुमच्याकडे बघितल्याशिवाय सुरुवात करू नका. बघितलं की एक हलका रुमाल स्वतःच्या चेहऱ्यापुढे धरा आणि म्हणा, 'आई कुठे गेली?' हे वाक्य दर वेळी त्याच चालीत, त्याच शब्दांत म्हणा. मग गप्प व्हा. मनात सावकाश एक ते पाच मोजा. हे पाच अंक सुरुवातीला फार लांब वाटतात, कारण आपल्याला शांतता भरून काढायची सवय असते. पण बाळाला ऐकलेलं समजून घेऊन अंगातून काही बाहेर काढायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

या पाच अंकांत काय बघायचं? शब्द येणार नाही, तेव्हा त्याची वाट बघू नका. रुमाल थोडा पातळ असेल किंवा कडेने बघता येत असेल तर तुम्हाला दिसेल की ती श्वास रोखते, पाय झाडते, पुढे झुकते, हात रुमालाकडे आणते किंवा घशातून बारीकसं 'अं' काढते. यातलं काहीही तिची पाळी समजा. ते दिसलं किंवा ऐकू आलं की त्याच क्षणी रुमाल खाली आणि 'कुऽक!' म्हणजे तिच्या हालचालीमुळे, तिच्या आवाजामुळे आई परत आली, असं तिला दर वेळी अनुभवायला मिळतं. आपण काही केलं की समोरच्या माणसात काही बदलतं, एवढं कळणं हा संवादाचा पाया आहे.

पाच मोजून झाले आणि काहीच आलं नाही तर रुमाल खाली करा, हसा, पुन्हा एकदा खेळा. आणखी ताणू नका. फार वेळ चेहरा दिसला नाही तर बाळाला खेळ संपला असं वाटतं आणि ते दुसरीकडे वळतं, काही बाळं रडवेली होतात.

पुढे काय होतं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. पहिल्या काही दिवसांत फक्त पाय हलतील. मग हात रुमालाकडे येईल, आणि एके दिवशी ती रुमाल ओढेल. ओढला की खेळाचा ताबा तिच्याकडे गेला. त्यानंतर रुमाल तिच्या हातात द्या किंवा तिच्या डोक्यावर अगदी अलगद टाका आणि 'बाळ कुठे गेलं?' म्हणून तीच चाल चालवा. ती स्वतः रुमाल काढेल. दोन क्षणांत काढला नाही तर तुम्ही काढा, कारण चेहऱ्यावर कापड अडकलं की काही बाळं घाबरतात. आणि खेळ संपला की रुमाल उचलून ठेवा, तिच्या झोपायच्या जागेत कापड राहू देऊ नका. त्यानंतर कधीतरी ती आपणहून हातांनी किंवा उशीआड चेहरा लपवेल, तोही अर्धाच, आणि तुमच्याकडे बघेल. तेव्हा तुम्ही प्रेक्षक व्हायचं. 'कुठे गेली माझी छकुली?' म्हणून तिच्या 'कुऽक'ची वाट बघायची. पाळी अशी उलटली की पाहणाऱ्या बाळाचं खेळवणारं बाळ झालं. काही बाळं तिथे पहिल्या वाढदिवसाच्या आधी पोचतात, काही नंतर, त्याचा हिशोब ठेवायला नको.

तुम्ही लिहिलंत की घरातले सगळे खेळतात. ते छानच आहे, पण सध्या एका वेळी एकानेच खेळा. पॅरट आणि ग्लाइटमन या संशोधकांनी 1989 मध्ये याच खेळावर प्रयोग केले. लपलेल्या माणसाऐवजी दुसरंच माणूस समोर आलं किंवा ते माणूस भलत्याच जागेवरून प्रकटलं, तर बाळं कमी हसली. बाळाने मनात काहीतरी अपेक्षा बांधलेली असते, म्हणून असं होतं. एकाने लपायचं, दुसऱ्याने मागून 'भॉक' करायचं, तिसऱ्याने टाळ्या वाजवायच्या, यात तिला चाल पकडता येत नाही. आजीचं बुवाकुक वेगळं असलं तरी चालेल, फक्त आजीने दर वेळी आपलंच खेळावं. आणि 'कुऽक' मोठ्याने ओरडून म्हणायची गरज नाही. तिला हसू येतं ते वाट बघितलेली गोष्ट घडली म्हणून. दचकवून काढलेलं हसू थोड्याच वेळात रडण्यावर जातं.

आता खुळखुळा. इथे मी एकच बदल सुचवते, तो म्हणजे खुळखुळा तिच्या हातात हवा. तुम्ही वाजवायचा आणि तिने बघायचं हे तीन-चार महिन्यांच्या बाळासाठी ठीक होतं. आता तिचा हात स्वतः ताल धरू लागला आहे, आणि या तालाचा बडबडीशी संबंध आहे. बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं आहे की 'बाबाबा', 'दादादा' अशी साखळी सुरू होण्याच्या सुमारास बाळांचं हात तालात हलवणं, खुळखुळा वाजवणं एकदम वाढतं. पुन्हा पुन्हा तेच करायचं, तालात करायचं आणि त्यातून निघणारा आवाज ऐकायचा, हे हाताने जसं होतं तसंच जबड्याने होतं. खुळखुळा वाजवल्याने बोलणं येतं असा दावा मी करणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास फुलतात, एवढं मात्र नक्की, आणि त्याचा खेळात चांगला उपयोग होतो.

तिला एक द्या, तुम्ही एक घ्या. सारखेच दोन असले तर उत्तम. मग काही करू नका. ती तो तोंडात घालेल, उलटसुलट करून बघेल, टाकेल, हे सगळं चालू द्या. कधीतरी ती हलवेल. तीन वेळा हलवून थांबली की तुम्हीही तसाच तीन वेळा हलवा आणि थांबा. हात खाली ठेवा, तिच्याकडे बघा. बहुतेक बाळं इथे क्षणभर थबकतात, तुमच्या हाताकडे आणि मग चेहऱ्याकडे बघतात. त्या नजरेकडे लक्ष असू द्या, कारण 'हे तू माझ्यासारखं केलंस' हे तिच्या लक्षात आलेलं असतं. ती पुन्हा हलवेल. पुन्हा तिच्याइतकंच तुम्ही हलवा. असे चार-पाच फेरे झाले की मग एक छोटा बदल करा: हलवायच्या ऐवजी जमिनीवर दोनदा ठोका आणि थांबा. ठोकणं तिला आधीपासून येत असेल तर ती नक्कल करण्याची शक्यता जास्त असते. न येणारी गोष्ट दाखवून नक्कल मागितली की ती नुसती बघत बसते, आणि आपल्याला वाटतं तिला जमत नाही. आधी आपण तिची नक्कल करायची, मग तिला येणारीच गोष्ट तिच्यापुढे ठेवायची, आणि नवीन काही आणायचं ते सगळ्यात शेवटी. घरोघरी हा क्रम नेमका उलटा चालतो.

याच खुळखुळ्याने बुवाकुकही होतं. तो तिच्या डोळ्यांदेखत कापडाखाली अर्धा झाका, दांडी दिसू द्या. तिने ओढून काढला की काही वेळाने पूर्ण झाका. तो शोधून हातात आला की ती वर तुमच्याकडे बघेल. तिथे 'सापडला! खुळखुळा सापडला!' म्हणा. वस्तूकडे बघणं आणि मग तुमच्याकडे बघणं, ही ये-जा या वयात नुकती सुरू होत असते. बोट दाखवून 'ते बघ' म्हणण्याची तयारी त्यातूनच होते.

खुळखुळा निवडताना दोन गोष्टी तपासा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जो आरपार जातो किंवा ज्याचं टोक तिच्या घशापर्यंत जाऊ शकतं, तो तिच्या हातात देऊ नये. आतले मणी, दाणे पक्के बंद हवेत, आणि डबीत दाणे भरून घरी केलेला खुळखुळा असेल तर तो तुमच्या हातातच राहू दे. दुसरी गोष्ट आवाजाची. तो आपल्या कानाजवळ नेऊन जोरात हलवून बघा. तुम्हाला नकोसा वाटला तर तिला तो आणखी जवळून ऐकायला लागेल, कारण तिचे हात आखूड आहेत. बटण दाबलं की गाणी आणि शब्द म्हणणारी खेळणी मात्र या खेळांपुरती बाजूला ठेवा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 ते 16 महिन्यांच्या बाळांशी अशी बोलकी खेळणी घेऊन खेळताना आईवडील स्वतः कमी बोलले आणि बाळांचे आवाजही, पुस्तक घेऊन खेळतानाच्या तुलनेत, कमी आले. खेळणं बोलू लागलं की माणसं गप्प होतात.

आता 'बाबाबा'. 'म्हण बाबा' म्हटल्यावर ती गप्प होते याची काळजी सोडा. मागितल्यावर शब्द देणं हे नवव्या महिन्याचं काम नाही. ती आपणहून काढते त्या आवाजाला तुम्ही काय उत्तर देता, यावर आत्ता लक्ष द्या. मायकल गोल्डस्टीन आणि जेनिफर श्वेड यांनी 2008 मध्ये साधारण साडेनऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आयांना बाळाने आवाज काढला की लगेच प्रतिसाद द्यायला सांगितलं, काहींनी तेवढेच प्रतिसाद दिले, पण बाळाच्या आवाजाशी मेळ न ठेवता, दुसऱ्याच वेळी. ज्या बाळांना लगेच उत्तर मिळालं त्यांच्या बडबडीची घडण आईच्या आवाजासारखी बदलू लागली, तीही त्याच बैठकीत. दुसऱ्या गटात तसं झालं नाही. बोलणं दोन्हीकडे सारखंच होतं, वेळ साधली की चुकली एवढाच फरक होता.

म्हणून दिवसभर तिच्या कानावर शब्दांचा मारा करण्यापेक्षा ती बोलली की एक-दोन सेकंदांत उत्तर देणं जास्त कामाचं आहे. ती 'बाबा' म्हणाली की तिच्याकडे बघा, 'बाबाबा!' असं तिचंच तिला परत करा आणि थांबा. ती पुन्हा काही म्हणाली की पुन्हा परत करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिच्या आवाजात एक भर घाला, 'बाबाबा, मामामा', आणि पुन्हा थांबा. ती 'मा' म्हणेलच असं नाही, तिचे ओठ नुसते मिटतील, तेही चांगलं आहे. आणि ती एखाद्या वस्तूकडे बघत आवाज काढत असेल, समजा हातातल्या चेंडूकडे बघून 'दा' म्हणाली, तर 'दा' परत करण्याऐवजी त्या वस्तूचं नाव घ्या: 'हो, चेंडू! चेंडू!' वस्तूकडे बघून आवाज काढणारं बाळ त्या क्षणी त्या वस्तूबद्दल शिकायला तयार असतं, असं याच संशोधकांच्या पुढच्या कामातून दिसलं आहे. तेव्हा ती बघतेय त्याचंच नाव सांगा. तिने चेंडूकडे बघत 'दा' म्हणावं आणि आपण 'हे बघ, भूभू!' म्हणून तिचं लक्ष दुसरीकडे ओढावं, हे फार वेळा होतं.

टीव्ही किंवा फोनवरच्या बालगीतांनी हे काम होत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली होती. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ऐकली त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणं व्हिडिओवर ऐकणाऱ्या बाळांना त्याचा काही फायदा झाला नाही. पडदा तिच्या पाळीची वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाखालच्या बाळांना पडद्यापुढे बसवू नका असंच सांगते. खेळताना मागे टीव्ही चालू असेल तर तोही बंद करा, कारण तिचं ते बारीकसं 'अं' त्या आवाजात तुम्हाला ऐकूच येणार नाही.

किती वेळ खेळायचं याचं उत्तर ती देईल. दोन-तीन मिनिटं मन लावून खेळली तरी पुष्कळ. लंगोट बदलताना, अंघोळीनंतर अंग पुसताना तिचा चेहरा तुमच्यासमोर असतो, तेवढ्या वेळात एक बुवाकुक आणि चार फेऱ्या बडबड सहज होते. तिने मान फिरवली, डोळे चोळले, पाठीची कमान केली की थांबा.

आता कानांबद्दल, आणि हे जरा नीट वाचा. तुमच्या पत्रावरून मला काळजीचं काही दिसत नाही. ती हाकेला वळते, खेळात हसते, 'बाबाबा' म्हणते, या वयात बघायचं ते हेच. पण घरोघरी एक गैरसमज असतो की बुवाकुकला हसतं म्हणजे बाळाला ऐकू येतं. बुवाकुक डोळ्यांनीही पूर्ण कळतं. कमी ऐकू येणारी बाळंही खळखळून हसतात, सुरुवातीच्या महिन्यांत आवाजही काढतात. फरक दिसतो तो 'बाबाबा'सारख्या साखळीत. ती दहा महिन्यांपर्यंत सुरू झाली नाही किंवा सुरू होऊन कमी कमी होत गेली, तर कानांची तपासणी करून घ्यायची, वाट बघायची नाही. जन्मल्यावर झालेली तपासणी चांगली निघाली असली तरीही करायची. काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं, आणि सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही काही काळ ऐकू कमी येतं. बाळ वेळेच्या बरंच आधी जन्मलेलं असेल तर महिने मोजताना अपेक्षित तारखेपासून मोजा.

मागून खुळखुळा वाजवून घरी कान तपासायचा प्रयत्न करू नका. बाळ तुमची सावली बघून, हालचाल जाणवून वळतं आणि आपण निश्चिंत होतो, किंवा खेळात रमलेलं असल्यामुळे वळत नाही आणि आपण उगाच घाबरतो. श्रवणतज्ज्ञांकडे या वयाच्या बाळाची तपासणी खेळाच्या रूपातच होते. आवाज आला आणि बाळ त्या दिशेला वळलं की तिथे एखादं खेळणं उजळतं. बाळ वळत नसेल तर बेरा चाचणीही असते, ती झोपेत करतात आणि आवाजाला मेंदूकडून प्रतिसाद येतो का ते बघतात. तिला काही टोचावं लागत नाही.

हाकेला ती 'बहुतेक वेळा' वळते असं तुम्ही लिहिलंत. पुढचा आठवडाभर न वळण्याच्या वेळा तेवढ्या लक्षात ठेवा: तेव्हा ती कशात रमली होती, घरात आवाज किती होता, तुम्ही कुठल्या बाजूने हाक मारलीत. रमलेली असताना वळत नसेल तर ते या वयाला शोभणारंच आहे. शांत घरात, हातात काही नसताना, वारंवार वळत नसेल, किंवा एकाच बाजूच्या हाकेला वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना या नोंदीसकट सांगा आणि कानांची तपासणी लिहून मागा.